[Co(NH3)4Cl2]Cl चं नाव तपासताना चार्ज आणि लिगंडचा क्रम कुठं चुकतो?

*प्रश्न: मी कोल्हापुरात बारावी सायन्सला आहे. [Co(NH3)4Cl2]Cl चं नाव मी "डायक्लोरिडोटेट्राअमाइनकोबाल्ट(II) क्लोराइड" लिहिलं आणि कंसावरचा चार्ज 0 धरला. K3[Fe(CN)6] ला "पोटॅशियम हेक्झासायनिडोआयर्न(III)" लिहिलं. दोन्ही चूक निघाली. उत्तर स्वतःचं स्वतः कसं तपासायचं?*

पहिल्या नावात दोन वेगळ्या चुका आहेत. आधी चार्जची बघू, कारण ती तुमच्याच उत्तरातून पकडता येते.

सूत्र झाका आणि फक्त स्वतः लिहिलेलं नाव वाचून संयुग परत उभं करा. कोबाल्ट(II) म्हणजे +2, दोन क्लोरिडो म्हणजे −2, चार अमाइनचे 0. बेरीज शून्य. मग पुढं "क्लोराइड" कशाला? शून्य चार्जच्या कंसाला बाहेर कुणी जोडीदार लागत नाही. म्हणजे नाव स्वतःशीच भांडतंय. योग्य हिशोब बाहेरून आत येतो: बाहेर एक Cl⁻, म्हणून कंसावर +1.

```
x + 4(0) + 2(-1) = +1
x = +3
```

तिन्ही क्लोरीन एकत्र मोजूनही x = +3 येतं, कारण पूर्ण संयुग उदासीन असतं. घोळ होतो तो बाहेरचा Cl विसरून कंसाला शून्य धरल्यावर. आणखी एक जपा: रोमन आकडा धातूचा ऑक्सिडेशन अंक सांगतो, कंसाचा चार्ज नाही. इथं धातू +3 आहे आणि आयन +1 आहे. "चार्ज किती?" या प्रश्नाला +3 लिहिलं की मार्क गेले.

आता क्रम. तुम्ही "डाय" आधी आणि "टेट्रा" नंतर घेतलं, म्हणजे उपसर्गाचं अक्षर धरलं. उपसर्गावर बोट ठेवून झाका, मग उरतात अमाइन आणि क्लोरिडो. इंग्रजी वर्णक्रमात ए आधी, सी नंतर. म्हणून टेट्राअमाइनडायक्लोरिडोकोबाल्ट(III) क्लोराइड.

क्रम मात्र इंग्रजी स्पेलिंगचाच लावायचा. मराठीत विचार करणाऱ्याचा हात इथं हमखास घसरतो: बाराखडीच्या सवयीनं क्लोरिडो हे ब्रोमिडोच्या आधी येतं, पण बी तर सीच्या आधी आहे. क्लोरिडो आणि सायनिडो दोन्ही सीनं सुरू होतात. तिथं दुसरं अक्षर बघा, एच आधी आणि वाय नंतर. आणि NH3 लिगंड असेल तर स्पेलिंगमध्ये दोन एम लिहा. एक एम लिहिला की ते सेंद्रिय अमाइन होतं. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून ही चूक फक्त पेपरात कळते.

डायमिथाइलअमाइनसारख्या लिगंडमध्ये "डाय" हा नावाचाच भाग असतो. तो झाकायचा नाही, डीखालीच धरायचा.

जुन्या पुस्तकात किंवा झेरॉक्स नोट्समध्ये "डायक्लोरोटेट्राअमाइन" असा क्रम सापडला तर गोंधळू नका. पूर्वीच्या नियमांत ऋण लिगंड आधी आणि उदासीन नंतर घ्यायचे. आताच्या नियमात चार्ज बघत नाहीत. क्लोरो की क्लोरिडो यानं क्रम बदलत नाही, फक्त एकाच नावात दोन्ही पद्धती मिसळू नका.

दुसऱ्या संयुगात III बरोबर आहे. तीन K⁺ म्हणून कंस −3, सहा सायनिडोंचे −6, म्हणून लोह +3. चुकलं ते "आयर्न": कंस ऋण असला की धातूच्या नावाला "एट" लागतं, आणि लोहाचं लॅटिन नाव येतं. पोटॅशियम हेक्झासायनिडोफेरेट(III). पोटॅशियमच्या आधी "ट्राय" नको. (III) वरून तीन K आपोआप ठरतात, (II) असतं तर चार लागले असते. पहिल्या संयुगात कंस धन होता म्हणून तिथं साधं कोबाल्टच राहिलं, "कोबाल्टेट" नाही.

उलटं उभं करायच्या या पद्धतीला एक मर्यादा आहे: ती चार्ज पकडते, क्रम पकडत नाही. क्रम वेगळाच तपासावा लागतो.

आत किती Cl आणि बाहेर किती, हे सूत्रात दिलेलं नसेल तर सिल्व्हर नायट्रेटवरून ठरतं, आणि त्यावर गणितं येतात. या संयुगाचे 0.01 मोल, म्हणजे साधारण 2.33 ग्रॅम, घेतले तर बाहेरचा एकच क्लोराइड लगेच उतरतो: 0.01 मोल AgCl, सुमारे 1.43 ग्रॅम. साका जास्त भरला तर सूत्राला दोष देण्याआधी द्रावण गरम झालं होतं का, किंवा बराच वेळ ठेवलं होतं का ते विचारा. पाणी हळूहळू आतल्या क्लोराइडची जागा घेतं, आणि तो सुटलेला क्लोराइडही साक्यात येतो. म्हणून थंड पाणी वापरायचं आणि लगेच गाळायचं.