गॅस गेलेला कोला आणि फुस्स करणारा ज्यूस

प्रश्न: फ्रिजमध्ये चार दिवसांपूर्वी उघडलेली कोलाची मोठी बाटली आहे, गॅस पार गेलाय. शेजारी सफरचंदाचा ज्यूस, सहा दिवसांपूर्वी उघडलेला. आज त्याचं झाकण फिरवताना हलका फुस्स आवाज आला, वास मात्र ठीक वाटला. दोन्हींची एक्स्पायरी पुढच्या वर्षीची आहे. प्यायला चालेल का?

उत्तर: कोला प्या, ज्यूस ओतून द्या. माझं काम पेयांच्या तपासणीचं आहे, आणि लोक याच्या नेमकं उलटं करताना दिसतात: गॅस गेला म्हणून कोला फेकतात आणि वास बरा आहे म्हणून ज्यूस पितात.

कोलातून गेला तो फक्त कार्बन डायऑक्साइड. तो दाबाखाली पाण्यात विरघळवलेला असतो, झाकण उघडलं की दाब उतरतो आणि तो निघून जातो. पेय टिकवणारी मुख्य गोष्ट म्हणजे आम्लता, ती जागेवरच राहते. कोलाचा पीएच साधारण अडीचच्या आसपास असतो. इतक्या आंबट द्रवात आजार करणारे जिवाणू वाढत नाहीत. त्यामुळे झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेला चार दिवसांचा कोला म्हणजे नुसतं गोड पाणी, बेचव पण निरुपद्रवी. बाटलीला तोंड लावून कुणी प्यायलं असेल तर लाळ आत गेलेली असते, ती बाटली मात्र मी इतके दिवस ठेवणार नाही. आणि फळांचा रस घातलेलं फसफसणारं पेय असेल, तर त्याला कोलाचे नाही, ज्यूसचे नियम लावा.

आता ज्यूस. बाटलीत भरताना तो उष्णता देऊन जंतूमुक्त केलेला असतो, म्हणून सीलबंद असताना महिनोन्‌महिने टिकतो. एक्स्पायरीची तारीख त्या सीलबंद बाटलीची. सील तुटलं की ती विसरायची आणि ‘उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा व इतक्या दिवसांत संपवा’ ही बारीक अक्षरातली ओळ शोधायची. झाकण उघडलं की हवेतले, हातावरचे, ग्लासच्या काठावरचे यीस्ट आणि बुरशीचे कण आत जातात. सफरचंदाच्या रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो, म्हणजे बहुतेक जिवाणू अडतात, पण यीस्टला असा आंबट-गोड रस मानवतो. थंडीत त्याची वाढ मंदावते, थांबत नाही. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं.

तुम्ही ऐकलेला फुस्स तोच. साध्या ज्यूसमध्ये गॅस भरलेलाच नसतो, मग तो आला कुठून? बाटली उन्हातून किंवा गरम खोलीतून आणली असती तर आतली हवा फुगून एवढा आवाज होऊ शकला असता, पण तुमची तर फ्रिजमधली. म्हणजे आंबणं सुरू झालंय. वास ठीक वाटला कारण सुरुवातीला अल्कोहोल अगदी थोडं असतं आणि गार द्रवाचा वास मुळात कमीच येतो.

खात्री हवी असेल तर थोडा ज्यूस काचेच्या ग्लासात ओता आणि उजेडासमोर धरा. गाळीव सफरचंदाचा रस पारदर्शक असतो. तो धूसर झाला असेल, कडेने बारीक बुडबुडे चढत असतील, तर निकाल लागला. गर असलेल्या रसात धूसरपणावरून काही कळत नाही, तिथे बाटलीचा गळा आणि झाकणाची आतली बाजू बघा. बुरशी बहुधा तिथेच आधी दिसते, कापसासारखे पुंजके किंवा करडी कड. ती दिसली तर गाळून किंवा वरचा भाग काढून पिऊ नका, उकळूनही उपयोग नाही. सफरचंदावरची काही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते आणि ते उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही. चाखून बघण्याचीही गरज नाही.

काहीच खूण नसती तर? फ्रिजमध्ये सतत 4 अंशांच्या आसपास राहिलेला, ओतून घेतलेला ज्यूस तीन-चार दिवस मी स्वतः पितो. लेबलवर कमी दिवस दिले असतील तर तेवढेच. रात्रभर ओट्यावर राहिला तर मात्र टाकतो. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस पिणार असेल तर शंका आली तेवढं कारण पुरे.

एका बाबतीत या खुणांवर विसंबूच नका: गाजराचा रस. तो फारसा आंबट नसतो, पीएच सहाच्या आसपास, आणि 4.6 च्या वर बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. 2006 मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून हा आजार झाला होता. रस पुरेसा थंड ठेवला गेला नव्हता, असंच तपासात पुढे आलं. या विषाने चव किंवा वास बदलेलच असं नाही. त्यामुळे गाजराची बाटली फ्रिजबाहेर राहिली असेल, तर न उघडता टाकून द्या.