पाश्चराइज्ड अंडं आणि न चढणारा फेस

"बहीण गरोदर आहे म्हणून तिरामिसूसाठी कार्टनमधलं पाश्चराइज्ड एग व्हाइट आणलं. कितीही फेटलं तरी पातळच. बीटर बिघडलाय का?"

बीटर ठीक असणार. माल चुकीचा आहे.

कार्टनमधलं पांढरं म्हणजे अंडी फोडून, बलक वेगळा काढून, पातळ पांढरं नळ्यांमधून खेळवत साधारण ५७ अंशांवर काही मिनिटं तापवतात. कच्च्या अंड्यातला साल्मोनेला हा जंतू मरतो, पण फेस धरणारी प्रथिनंही त्या उष्णतेने थोडी बिघडतात. मग वर साबणासारखे मोठे बुडबुडे येतात, थोडा वेळ थांबलात की तळाशी पाणी सुटतं. साखर घातली की उरलासुरला फेसही बसतो.

मी इथे अमेरिकेत एका कंपनीला तीन ओळींचा साधा प्रश्न पाठवला होता: याचं मेरिंग होतं का? उत्तरात ॲलर्जीचं पत्रक आणि "आमचं उत्पादन १०० टक्के एग व्हाइट आहे". पुन्हा विचारलं, पुन्हा तेच पत्रक! ऑर्डरचा पावलोवा तोवर ओव्हनमध्ये चपटा झाला होता. काही कार्टनवर मागे बारीक अक्षरांत "मेरिंगसाठी नाही" असं छापलेलं असतं, ते आधी शोधा. घटकांत ट्रायइथाइल सिट्रेट दिसलं तर ते फेस चढावा म्हणूनच घातलेलं असतं, त्या कार्टनवर थोडा भरवसा ठेवता येतो.

तुम्हाला हवीत ती टरफलासकट पाश्चराइज केलेली अंडी. ती ५७ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासाभराहून जास्त ठेवतात. पांढरं घट्ट व्हायला लागतं ६० च्या पुढे, म्हणून अंडं कच्चंच राहतं आणि उष्णता बलकाच्या मध्यापर्यंत पोचते. फोडल्यावर पांढरं जरा दुधाळ दिसेल, ते खराब नाही. तिरामिसूत बलकही कच्चा जातो, त्यामुळे नुसतं कार्टन आणून तुमचं अर्धंच काम झालं असतं.

चार अंड्यांचं पांढरं म्हणजे साधारण १२० ग्रॅम. त्याला अर्धा ते पाऊण चमचा क्रीम ऑफ टार्टर घाला आणि नेहमीच्या दुप्पट वेळ धरून चाला. साखर घालायची ती फेसाची मऊ शिखरं उभी राहिल्यावरच, चमच्याचमच्याने.

ही अंडी मिळाली नाहीत तर साध्या अंड्यांचं पांढरं साखरेसह वाफेच्या भांड्यावर सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत न्या, मग फेटा. बलकही तसाच थोड्या साखरेसोबत वेगळा तापवा. थर्मामीटर हवाच, अंदाज नको. घरच्या गरम पाण्यात अख्खी अंडी पाश्चराइज करायचे व्हिडिओ फिरतात, गरोदर बाईसाठी तरी मी ते करणार नाही. मी डॉक्टर नाही, बहिणीच्या डॉक्टरांना विचाराच.

आणलेलं कार्टन फेकू नका, ऑम्लेटला आणि केकच्या पिठाला उत्तम. फक्त कार्टनवरचे "३ मोठे चमचे" बहुतेकदा एका अख्ख्या अंड्याच्या बदली असतात. एका पांढऱ्याला दोनच पुरतात. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून किती दिवसांत संपवायचं ते कार्टनवरच पाहा.