स्पीकर धागा कुठे सोडतो

प्रश्न : आमचा अलेक्सा स्पीकर लगोलग विचारलेला पुढचा प्रश्न बरोबर समजतो, पण चहा ठेवून परत आले की तोच विषय साफ विसरलेला असतो. असे का?

अशा स्पीकरसाठी स्किल, म्हणजे त्यावर आवाजाने चालणारी छोटी ॲप, लिहिण्याचे काम मी करतो, म्हणून आतली रीत सांगतो. तुम्ही पुण्यात बसून हिंदीत “कल नागपुर में बारिश होगी?” असे विचारले, की सर्व्हर त्या वाक्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढतो : हवामान विचारण्याचा हेतू, नागपूर हे ठिकाण आणि उद्याची तारीख. लगेच “और परसों?” म्हटले तर त्या दोन शब्दांत तारखेशिवाय काहीच नसते, हेतू आणि ठिकाण आधीच्या प्रश्नातून उचलून रिकाम्या जागी भरले जातात. संवाद पुढे सरकल्यासारखा वाटतो तो या उसनवारीमुळे.

ही उसनवारी ज्या तात्पुरत्या नोंदीतून होते, तिचे आयुष्य त्या संवादापुरतेच असते. स्किलमध्ये हे स्पष्ट दिसते. उत्तरासोबत `shouldEndSession` ची किंमत `false`, म्हणजे सत्र अजून संपवू नको असे, पाठवली, तर माइक सुमारे 8 सेकंद उघडा राहतो. कोणी बोलले नाही तर एकदा आठवण करून देणारे वाक्य ऐकवता येते आणि पुन्हा तेवढीच वाट पाहिली जाते. त्यानंतर सत्र बंद होते आणि त्यातली नोंदही जाते. ती टिकवायची असेल तर स्किल लिहिणाऱ्याला वेगळा डेटाबेस ठेवावा लागतो.

नोंद जपून ठेवणे अवघड नाही, पण स्पीकर घरातल्या सगळ्यांचा असतो. दहा मिनिटांनी तुमच्या सासूबाईंनी “परसों बारिश होगी?” असे विचारले, तर त्यांना पुण्याचा पाऊस हवा असतो आणि जुने नागपूर तिथे चिकटणे चुकीचे ठरते. म्हणून अशा वेळी विसरणेच मला योग्य वाटते. खरी अडचण वेगळीच आहे : तेच वाक्य दहा मिनिटांनी तुम्ही स्वतः म्हटलेत, तर स्पीकर चूक कबूल करत नाही, रिकाम्या ठिकाणी तो सेटिंगमधला घरचा पत्ता घेतो आणि पुण्याचे हवामान ठामपणे सांगतो. उत्तरात गावाचे नाव कोणते आले ते ऐका, म्हणजे धागा तुटला की नाही ते लगेच कळते.

आता 30 मिनिटांचा टायमर लावून पाहा. वीस मिनिटांनी “टाइमर में कितना समय बचा है?” विचारले तरी उत्तर बरोबर येते, कारण टायमर संवादाच्या नोंदीत नसतो, ती स्वतंत्रपणे साठवलेली, चालू असलेली गोष्ट असते आणि स्पीकर तिची स्थिती नव्याने वाचतो. खरेदीच्या यादीचेही तसेच आहे. हवामानाच्या प्रश्नामागे मात्र अशी कोणतीही साठवलेली वस्तू नसते, म्हणून चहानंतर विचारताना गावाचे नाव पुन्हा घ्यावे लागते.