निम्मे-निम्मे शेअर्स आणि एकजण नोकरीला: पार्टनरला काढता येतं का?

"मॅडम, मी आणि माझा इंजिनीअरिंगचा मित्र, पुण्यात प्रायव्हेट लिमिटेड काढली, १०,००० शेअर्स निम्मे-निम्मे, दोघंच डायरेक्टर. तो सीटीओ, कोड सगळा त्याचा. १४ महिन्यांनी बंगळुरूला नोकरी लागली म्हणून गेला, राजीनामा देत नाही, शेअर्सही सोडत नाही. सुरुवातीला व्हॉट्सॲपवर ठरलं होतं की चार वर्षं राहिला तरच पूर्ण शेअर्स. आता ७५ लाख टाकणारा इन्व्हेस्टर आलाय, तो म्हणतो आधी हे मिटवा. आमचे सीए म्हणतात वर्षभर मीटिंगला आला नाही की डायरेक्टरपद आपोआप जातं, नाहीतर नवे शेअर्स काढून त्याचा हिस्सा कमी करू. मागच्या महिन्यात मी त्याचा ईमेल आणि सर्व्हरचा ॲक्सेस बंद केलाय. त्याला कायदेशीर कसं काढू?"

तुमच्या मर्जीने नाही काढता येणार. त्याच्या सहीनेच निघेल, आणि ती सही इन्व्हेस्टरचे पैसे खात्यात यायच्या आधी घ्यायची.

सगळं अडलंय ते एका कलमावर, जे तुमच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, नाहीये. कंपनी काढताना आर्टिकल्स ऑफ असोसिएशन कोणी वाचली होती का? नसणार. कायद्यातला छापील नमुना, टेबल एफ म्हणतात तो, जसाच्या तसा जोडला जातो आणि त्यात "काम सोडलं तर शेअर्स परत" असं कुठेही लिहिलेलं नसतं. मग कंपनीच्या दृष्टीने तुमचा मित्र ५,००० शेअर्सचा पूर्ण मालक आहे, तो बंगळुरूला नोकरी करो नाहीतर घरी झोपून राहो. दर आठवड्याला मला असं कोणीतरी विचारतं आणि दर वेळी उत्तर हेच निघतं. सीटीओ हे पद कंपनी कायद्यात कुठे नाहीच, ते तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर आहे. कायद्याला दोनच गोष्टी दिसतात, तो शेअरहोल्डर आहे आणि तो डायरेक्टर आहे. काम सोडल्याने यातलं काहीच आपोआप जात नाही.

व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचं म्हणाल तर ते अगदीच फुकट नाहीये, पण तुम्ही समजताय तितकं भारीही नाही. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सांगितलंय की शेअर ट्रान्सफरवरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीवर आणि शेअरहोल्डर्सवर बंधनकारक नाही. तुम्ही दोघांमधला करार म्हणून भांडू शकता, पण मेसेजमध्ये "चार वर्षं राहिला तर" एवढंच असेल आणि शेअर्स कोणाला परत, कुठल्या भावाने, किती दिवसांत, यातलं काहीच नसेल तर समोरचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणेल की हा करारच अस्पष्ट आहे. तरी चॅट आत्ता एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं. बोलणीच्या टेबलावर ते चॅट कामाला येतं, कारण त्यालाही माहितीये की आपण काय कबूल केलं होतं.

आता तुमच्या सीएंच्या दोन युक्त्या. बारा महिने बोर्डाच्या सगळ्या मीटिंगना गैरहजर राहिलं तर डायरेक्टरपद रिकामं होतं हे खरंय, कलम १६७. पण बोर्ड मीटिंगचा कोरम, म्हणजे मीटिंग वैध ठरायला लागणारी हजेरी, किमान दोन डायरेक्टरांचा आणि तुम्ही आहात दोघंच. तो आला नाही की कोरम नाही, म्हणजे मीटिंग झालीच नाही, मग तो गैरहजर राहिला कुठल्या मीटिंगला? हा मुद्दा समोरचा वकील उचलणारच. नव्या शेअर्सचंही तेच, बोर्डाचा ठराव हवा, ठरावाला कोरम हवा. मग लोक काय करतात तर घरी बसून मिनिट्स लिहितात, "दोघे उपस्थित होते" असं टाकून फॉर्म भरून मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. खोटी माहिती भरणं फ्रॉडच्या कलमात जातं, त्यात तुरुंगाची तरतूद आहे, आणि वर तो एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, अन्याय-गळचेपीचा अर्ज करेल. त्यासाठी १० टक्के शेअर्स पुरतात, त्याच्याकडे ५० आहेत.

तो अडवू शकतो म्हणजे नेमकं काय अडवू शकतो ते बघा. इन्व्हेस्टरला नवे शेअर्स द्यायला स्पेशल रेझोल्यूशन लागतं, म्हणजे ७५ टक्के मतं. तुमच्याकडे ५० आहेत. त्याला डायरेक्टर म्हणून काढायला साधा ठराव पुरतो, पण त्यालाही निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात आणि तुमची बरोबर निम्मी आहेत. एका मताने अडलंय!

म्हणून तडजोड. तुमच्याच जुन्या बोलण्यावरून हिशोब मांडा. चार वर्षं म्हणजे ४८ महिने, तो राहिला १४. ५,००० गुणिले १४ भागिले ४८ म्हणजे साधारण १,४५८ शेअर्स त्याने कमावले, उरलेले ३,५४२ त्याने सोडायचे. ट्रान्सफरनंतर तुमच्या बाजूला ८,५४२ म्हणजे ८५ टक्क्यांच्या वर, ७५ चा उंबरा ओलांडला. त्याला १४ टक्के खूप वाटत असतील तर तुमची मर्जी, पण या सगळ्यात कोड त्याने लिहिलाय हे विसरू नका.

हा कोड तुम्ही गृहीत धरलाय. तो पगारी नोकर होता का, नेमणुकीचं पत्र होतं का? तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही. डायरेक्टर असला म्हणून तो नोकर ठरतोच असं नाही, आणि नोकर नसेल तर कोडचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, कंपनीचा नाही. तो कंपनीच्या नावे करायला लेखी असाइनमेंट लागते, सहीसकट, तोंडी चालत नाही. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो, आणि कंपनीने वर्षभरात ते हक्क वापरले नाहीत तर ते निसटू शकतात, म्हणून "कायमस्वरूपी, जगभर, वापरलं नाही तरी" असे शब्द मुद्दाम घालायचे. इन्व्हेस्टरचा वकील शेअर्सच्याही आधी हाच कागद मागेल.

आता उशिराची किंमत. लिस्ट न झालेल्या कंपनीचे इक्विटी शेअर्स वाजवीपेक्षा कमी भावात घेतले आणि फरक ५० हजारांच्या वर गेला तर तो घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो, आणि हा वाजवी भाव मुख्यतः पुस्तकी नेट मालमत्तेवर निघतो. समजा आज कंपनीची नेट मालमत्ता ३ लाख आहे, १०,००० शेअर्स, म्हणजे शेअरला ३० रुपये. ३,५४२ शेअर्सचे झाले १ लाख ६ हजारांच्या आसपास. कागदी शेअर्स असतील तर ट्रान्सफरच्या फॉर्म एसएच-४ वर स्टँप ड्युटी ०.०१५ टक्के, सोळा रुपये! आता समजा इन्व्हेस्टरने ७५ लाख टाकून नवे १,५०० इक्विटी शेअर्स घेतले आणि तुम्ही त्यानंतर ट्रान्सफर केली. नेट मालमत्ता ७८ लाख, शेअर्स ११,५००, म्हणजे शेअरला साधारण ६७८ रुपये. त्याच ३,५४२ शेअर्सचे झाले २४ लाख. तुम्ही जुन्याच भावाने घेतले तर २३ लाखांच्या आसपास उत्पन्न तुमच्या माथी, हातात एक रुपया न येता, आणि त्यालाही भांडवली नफ्याचा हिशोब जास्त भावाने द्यावा लागेल. इन्व्हेस्टर प्रेफरन्स शेअर्स घेणार असेल तर आकडे बदलतील, ते सीएंकडून काढून घ्या आणि ट्रान्सफरच्या तारखेचं व्हॅल्युएशन लेखी घ्या. ते हे काम नीट करतील, युक्त्या नकोत.

मात्र भाव कमी आहे म्हणून टर्म शीट, म्हणजे इन्व्हेस्टरच्या अटींचा कागद, मित्रापासून लपवू नका. इन्व्हेस्टर शेअरला ५,००० देतोय आणि तुम्ही मित्राकडून ३० ने घेताय हे त्याला उद्या कळलं तर तो म्हणेल मला फसवून सही घेतली, आणि फसवून घेतलेला करार तो रद्द करून मागू शकतो. तडजोडीच्या कराराला टर्म शीटची प्रत जोडा आणि "हे वाचून सही केली" असं त्याच्याकडून लिहून घ्या. कदाचित तो जास्त मागेल. मागू दे, इथेच घासाघीस करा.

सह्या एकाच दिवशी, तो समोर असताना. आधी त्याच्यासोबत बसून दुसरा डायरेक्टर नेमा, मग त्याचा राजीनामा घ्या, उलटं केलंत तर प्रायव्हेट कंपनीत दोन डायरेक्टर हवेत हा नियम मोडतो. डायरेक्टर बदलल्याचा फॉर्म ३० दिवसांत. त्याच दिवशी शेअरहोल्डर्सच्या सभेत आर्टिकल्स बदलून वेस्टिंगचं, म्हणजे जितके दिवस राहिला तितकेच शेअर्स कमावल्याचं, कलम घाला, तुम्हालासुद्धा लागू होईल असं, इन्व्हेस्टर नाहीतरी मागणारच. कोडची असाइनमेंट त्याच बैठकीत. आणि ३,५४२ मधले दहा शेअर्स नव्या डायरेक्टरच्या नावावर जाऊ द्या, कारण शेअरहोल्डर्सच्या सभेलाही कोरमला दोन माणसं लागतात आणि इन्व्हेस्टरच्या ठरावाच्या दिवशी तुमचा मित्र आला नाही तर पुन्हा अडाल.

तो काहीच ऐकत नसेल तर एनसीएलटीत कलम ९८ खाली अर्ज करून एकट्या सदस्यावर सभा भरवायची परवानगी मागता येते. मिळेल का, कधी मिळेल यावर मी काही बोलणार नाही, मुंबई बेंचच्या तारखा तुम्हाला टर्म शीटच्या मुदतीपेक्षा लांब वाटतील एवढं नक्की. शिवाय एकट्याच्या सभेतही तुमची मतं त्याच्याइतकीच, तो गैरहजर असला तरच ठराव होतो. तो आला तर पुन्हा बरोबरी.

आणि ॲक्सेस बंद केलात ते फार चुकलं. उद्या तो म्हणेल मी बंगळुरूहून काम करत होतो, यानेच मला बाहेर ठेवलं, आणि तुम्ही १४ महिन्यांवर मांडलेला सगळा हिशोब डळमळेल. शिवाय डायरेक्टरला कंपनीची हिशोबाची पुस्तकं बघायचा हक्क असतो. सर्व्हरची पूर्ण कॉपी काढून कंपनीच्या ताब्यात ठेवा, कोड डिलीट करता येणार नाही अशी व्यवस्था करा, आणि त्याचा ईमेल आज संध्याकाळपर्यंत चालू करा. त्यानंतर त्याला फोन करा, नोटीस नाही.