सगळ्यांची तक्रार, पण पहिलं नाव कुणाचं?

«ताई, ब्लू कार्डवर जर्मनीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होतेय. तिथे ऑन-कॉलचे पैसे मिळत नाहीत म्हणून टीममधले लोक मिळून तक्रार करणार आहेत असं कळलं. मी त्यात पडावं का? युनियनमध्ये गेलं तर व्हिसावर परिणाम होतो का?»

व्हिसाची कागदपत्रं, पगाराची अट हे सगळं सरकारी संकेतस्थळावर नीट लिहिलंय, ते तिथेच वाच. युनियनच्या सदस्यत्वाने ब्लू कार्डला काही होत नाही. नोकरी गेली तर होतं. माझं सगळं बोलणं या दोन वाक्यांमधल्या जागेबद्दल आहे, कारण तिथे मी एका माणसाला एकटं सोडलं होतं.

2018 साली मी आले तेव्हा आमच्या कंपनीत सत्तरेक लोक होते. आम्ही चौघं भारतीय एकाच टीममध्ये. दर तिसऱ्या शनिवार-रविवारी फोन उशाशी घेऊन झोपायचं, रात्री दोनला सर्व्हर पडला की उठायचं आणि सकाळी नऊच्या मीटिंगला हजर राहायचं. कायद्याने काम संपल्यापासून पुढचं काम सुरू होईपर्यंत सलग अकरा तास विश्रांती मिळायला हवी. रात्री दोनला उठून काम केलं की ती मोडते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला फक्त पैसे मिळत नाहीत एवढंच दिसत होतं.

आमच्यातल्या एकाने ईमेल लिहिला. मजकूर आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवला होता, पण गेला तो त्याच्या पत्त्यावरून आणि खाली फक्त त्याचं नाव होतं. «आम्ही सगळे» असं आत लिहिलेलं होतं. पुढच्या आठवड्यात एचआरने एकेकाला आत बोलावलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, «ही तुमचीही तक्रार आहे का?» मी म्हणाले, मला तसा फारसा त्रास नाही. बाकी दोघंही असंच काहीतरी बोलले. त्याला नोकरीत पाचवा महिना चालू होता. महिना संपायच्या आत त्याच्या हातात नोटीस पडली.

इथे पहिले सहा महिने बहुधा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला चाचणीचा काळ, असतो. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं आणि कारण द्यावं लागत नाही. हक्क मागितला म्हणून शिक्षा करायला कायद्यात बंदी आहे, पण त्यासाठीच काढलं हे कामगाराने दाखवावं लागतं. ते दाखवायला आमची साक्ष लागली असती, आणि आम्ही तर त्रास नाही म्हणून मोकळे झालो होतो. ब्लू कार्डमुळे नवी नोकरी शोधायला त्याला जेमतेम तीन महिने मिळाले. तो नेदरलँड्सला गेला. आम्हा चौघांचं दर रविवारचं जेवण थांबलं. एकटेपणाबद्दल लोक खूप लिहितात, मी एवढंच लिहीन की माझा तो आपल्या हाताने ओढवलेला होता.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की प्रोबेत्साइट संपेपर्यंत पत्राखाली पहिलं नाव तुझं नको. गप्प बस असं मी म्हणत नाहीये. पहिल्या दिवसापासून तास लिहून ठेव: फोन कधी आला, काम कधी संपलं. स्वतःच्या वहीत लिही, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. आणि पहिल्याच आठवड्यात युनियनची सदस्य हो. आयटीवाल्यांना वेर्डी आणि आयजी मेटाल या दोन्ही युनियन घेतात, वर्गणी साधारण एकूण पगाराच्या एक टक्का. युनियनची वकिली मदत सदस्य होऊन तीन महिने झाल्यावर मिळते, म्हणून भांडण सुरू झाल्यावर धावत जाऊन उपयोग नसतो. सदस्यत्व कंपनीला कळवावं लागत नाही.

दुसरं सांगणं बेट्रीब्सराटबद्दल, म्हणजे कंपनीतल्या कामगारांनी निवडलेलं मंडळ. दुसऱ्या कंपनीत, 2022 साली, आम्ही ते उभं केलं. पाच कामगार असले तरी ते निवडता येतं आणि नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. मतदान पहिल्या दिवसापासून करता येतं, उभं राहायला सहा महिने नोकरी झालेली लागते. आधी निवडणूक समिती निवडायची सभा बोलवावी लागते. त्या सभेच्या निमंत्रणावर किमान तीन नावं लागतात. आम्ही सहा दिली, कारण 2021च्या दुरुस्तीपासून निमंत्रणावरच्या पहिल्या सहा जणांना बडतर्फीपासून संरक्षण आहे. युनियनच्या बाईंनी मसुदा तपासला आणि निमंत्रण लागेपर्यंत एकाही व्यवस्थापकाला सुगावा लागू दिला नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुजबुज पसरली आणि कागद नंतर लागला, तर मधल्या दिवसांत माणूस उघड्यावर असतो. पहिल्या कंपनीत आमचा माणूस असाच उघड्यावर राहिला होता.

पुढचं वेगाने झालं. शंभरापर्यंत माणसं असली की पद्धत सोपी असते: पहिल्या सभेत समिती, आठवड्याने दुसऱ्या सभेत गुप्त मतदान. आमचे पाच जण निवडून आले. ऑन-कॉलचं वेळापत्रक मंडळाच्या संमतीशिवाय लावता येत नाही, त्यामुळे कंपनीला बोलणीला बसावंच लागलं. पाळी सहा आठवड्यांतून एकदा आली आणि रात्री उठलेल्या माणसाची सकाळ सुटली. मात्र पगार किती वाढावा हे मंडळ ठरवू शकत नाही, संपही पुकारू शकत नाही. ते युनियनचं काम, आणि त्यासाठी सदस्य पुरेसे हवेत. आमच्याकडे नव्हते, म्हणून पैसे थोडेच वाढले.

हे संरक्षण कुठे संपतं तेही बघ. करार मुदतीचा असेल तर मुदत संपली की नोकरी संपते, निवडून आलेली असलीस तरी. नोटीस मिळाली तर तीन आठवड्यांत कोर्टात दावा दाखल करावा लागतो, नंतर दार बंद. आणि कुणी आउफहेबुंग्सफरट्राग पुढे सरकवला, म्हणजे परस्परसंमतीने नोकरी सोडायचा करार, तर त्याच खोलीत सही करू नकोस. घरी घेऊन ये, युनियनला दाखव. त्या सहीनंतर बेकारी भत्ता बहुतेक वेळा बारा आठवडे थांबतो.

एक गोष्ट विषयाबाहेरची वाटेल. मुलगी चौथीत होती तेव्हा बाईंनी तिला विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमऐवजी दहावीपर्यंतच्या रेआलशूलेची शिफारस केली. आमच्या राज्यात, नॉर्थ राइन-वेस्टफालियात, ती शिफारस पालकांवर बंधनकारक नाही. मला ते माहीत होतं. तरी मी मान डोलावून आले, कारण वर्गात आम्हीच एकटे परके होतो आणि डोळ्यांत भरायचं नव्हतं. अजून ते खुपतं. एचआरच्या खोलीत बसले होते तशीच मी त्या छोट्या खुर्चीवर बसले होते.

तुमच्या टीमचं पत्र जाणारच असेल तर सगळ्यांच्या सह्या आडनावाच्या अक्षरक्रमाने घ्या, म्हणजे पहिला कोण हा प्रश्नच उरत नाही. आणि एकेकाला बोलावलं तर काय म्हणायचं ते आधी ठरवा. आमचं दुसऱ्या वेळचं वाक्य होतं, «या विषयावर आम्ही एकत्रच बोलू.» मी ते घरी जर्मनमध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, कारण पहिल्या वेळी माझी भाषा नाही, हिंमत अडकली होती.

करारातलं प्रोबेत्साइटचं कलम आणि मुदतीचं कलम, एवढी दोन पानं मला पाठव. पगाराचा आकडा झाकलास तरी चालेल.