फॅक्टशीटवरचा मॉडिफाइड ड्युरेशनचा आकडा कसा वाचायचा?

प्रश्न: बाबांनी आंब्याचे ५ लाख गिल्ट फंडात टाकले, सरकारी आहे म्हणून. आता एनएव्ही खाली आलीय. फॅक्टशीटवर मॉडिफाइड ड्युरेशन ७ लिहिलंय, म्हणजे पैसे ७ वर्षं अडकले का?

नाही, अडकलेले नाहीत, कधीही काढता येतात. तो ७ आकडा सांगतो की बाजारातलं व्याज म्हणजे यील्ड १ टक्का वाढलं तर एनएव्ही साधारण ७ टक्के पडेल, आणि १ टक्का उतरलं तर तेवढीच चढेल. यील्ड अर्धा टक्का वाढलं तर साडेतीन टक्के, म्हणजे तुमच्या ५ लाखांवर १७,५०० रुपये.

गिल्ट फंडात सरकारी रोखे म्हणजे बाँडच असतात, तेव्हा असं का होतं ते एका बाँडवर बघा. १०० रुपयांचा, १० वर्षांचा, वर्षाला ७ रुपये व्याज देणारा बाँड आहे, आणि उद्या नवीन बाँड ८ टक्क्यांनी मिळायला लागले तर तुमचा जुना १०० ला कोण घेईल? पुढची १० वर्षं दरवर्षी १ रुपया कमी मिळणार, ती सगळी तूट आजच्या मोलात मोजून किमतीतून लगेच वजा होते आणि भाव ९३.२९ वर येतो. तोच बाँड १ वर्षाचा असता तर तूट एकदाच, भाव ९९.०७. त्या १० वर्षांच्या बाँडचं मॉडिफाइड ड्युरेशन ७.०२ आहे, म्हणजे अंदाज ७.०२ चा आणि प्रत्यक्षात घसरण ६.७१ ची, कारण मोठ्या हालचालीला हा गुणाकार थोडा चुकतो, पाव-अर्ध्या टक्क्याला मात्र छान जुळतो.

आता रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, आणि हे यील्ड एकच समजू नका, इथे बरेच जण गोंधळतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून ६.५ वर नेला, पण १० वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड २०२२ च्या सुरुवातीपासून धरलं तरी साधारण एक टक्काच वाढलं, कारण बाजार आधीच अंदाज बांधून बसलेला असतो. गुणाकार करायचा तो यील्डमधल्या बदलाने.

सरकारी आहे म्हणून बुडणार नाही हे बाबांचं बरोबरच आहे, पण बुडणं वेगळं आणि भाव पडणं वेगळं, ड्युरेशन फक्त दुसऱ्याचं माप आहे.

आमच्याकडे देवगडातही हेच, वाशीच्या दलालाकडून हिशेब जूनमध्ये येतो आणि पावसाळा सरला की फवारण्या, राखणदारांचे पगार सुरू, तेवढ्या चार-पाच महिन्यांत घसरण भरून यायला वेळच मिळत नाही. फंडाचं यील्ड ७ टक्के धरलं तर ती साडेतीन टक्क्यांची खोट म्हणजे सहा महिन्यांचं व्याज. म्हणून बागेच्या खर्चाचे पैसे लिक्विड फंडात हलवा, तिथे ९१ दिवसांपर्यंतचेच कागद असतात, ड्युरेशन ०.१ धरलं तर त्याच अर्ध्या टक्क्याला ५ लाखांवर २५० रुपये जातील. उरलेले ज्यांना पाच-सात वर्षं हात लावायचा नाही ते गिल्टमध्ये राहू देत, घसरणीनंतर फंडाचं यील्ड वाढलेलंच असतं.