जुना सर्व्हर व्हर्च्युअल करताय? आधी एवढं बघा

सर्व्हरच्या डिस्कची व्हर्च्युअल प्रत बनवणारं Disk2vhd चालवण्याआधी सर्व्हरच्या मागे डोकावून बघा. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा यूएसबी डोंगल लावलाय का? हायपर-व्हीमध्ये तो सरळ जोडता येत नाही. नेटवर्कवरून यूएसबी पोचवणारं उपकरण आधी मागवावं लागेल. लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं असेल, तर जुना मॅक नव्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे व्हीएमला, कायमचा देऊन ठेवा.

मग रंगीत तालीम. चालू सर्व्हरची प्रत घ्या, ती व्हीएमला लावा आणि नेटवर्क न जोडता अ‍ॅप उघडून बघा. जुनं बायॉसवालं मशीन असेल तर व्हीएम जनरेशन १ च हवं, २ वर बूट होणार नाही.

नवखे हमखास चुकतात ते पुढे: तालमीचीच प्रत खरी म्हणून लावतात. त्यानंतरच्या नोंदी तिच्यात कुठून असणार? म्हणून बदलाच्या रात्री:

- अ‍ॅप आणि डेटाबेसच्या सर्व्हिस थांबवून नवी प्रत घ्या.
- जुनं मशीन बंद करून केबल काढा. दोन्ही एकदम नेटवर्कवर नकोत.
- व्हीएमला जुनाच आयपी द्या. तो दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरकडे असल्याचा इशारा आला, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं लपलेलं जुनं नेटवर्क कार्ड काढा.

माघारीची वेळ आधीच ठरवा, समजा पहाटे ४. तोवर एक बिल नीट छापून निघालं नाही, तर जुनं मशीन चालू करा. सकाळी नव्यावर नोंदी पडल्यावर माघार घेतली, तर त्या जुन्यावर परत हातानेच भराव्या लागतात.